ट्रिक

बावीस वर्षं मराठी व्याकरण शिकवून माझा घसा गेला आहे आणि उत्साह त्याच्याही आधी गेला. आटपाडीत स्पर्धा परीक्षेच्या क्लासला आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये बसतो. पोरं नियम ऐकून घेत नाहीत. "सर, ट्रिक सांगा," एवढंच. मग मीही थकून ट्रिका पाडायला लागलो. प्रयोग ओळखायची ट्रिक फळ्यावर लिहून टाकली: कर्त्याला 'ने' असला की कर्मणी, शिवाय वाक्यात कुठं 'ला' किंवा 'ना' दिसला की भावे, काहीच नसेल तर कर्तरी. पोरांनी ते एका सुरात म्हणायचं, मी डोलणाऱ्या माना मोजायच्या. नोट्सच्या झेरॉक्सवर हे चौकटीत छापलेलं होतं, खाली माझी सही.

क्लासला एक बाई होती, ती माण तालुक्यातून यष्टीनं यायची. नवरा मुंबईला, मुलगी शाळेत सोडून पहिल्या बाकावर बसायची. वयाच्या अटीप्रमाणे तलाठी भरतीची ही तिची शेवटची परीक्षा होती. हे मला माहीत होतं, कारण अर्ज भरताना तिनं जन्मतारीख माझ्याकडून दोनदा तपासून घेतली होती.

परीक्षा झाली, उत्तरतालिका आली. चुकीच्या उत्तरावर आक्षेप घ्यायला चार दिवस असतात आणि सोबत पुरावा जोडावा लागतो. तिसऱ्या दिवशी दुपारी ती शेडमध्ये आली. मी एकटाच डबा खात होतो.

"सर, ह्यांचं उत्तर चुकलंय. 'मुलीने पाहुण्यांना चटणी वाढली.' मी भावे लिवलं, तालिकेत कर्मणी दिलंय. पुरावा म्हणून तुमच्या नोट्स जोडते, तुमी फक्त दोन ओळी लिवून द्या. ह्या एका प्रश्नावर माजं काम हाय."

झेरॉक्सवर चौकटीला तिनं लाल पेनानं खूण केली होती. मी वाक्य वाचलं आणि डबा बाजूला सारला. तालिका बरोबर होती.

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. दोन ओळी लिहून दिल्या असत्या, आक्षेप फेटाळला गेला असता आणि दोष वर बसलेल्यांवर गेला असता. तिच्या चेहऱ्याकडे बघून ते जमलं नाही.

"बस," म्हटलं. "चटणीच्या जागी भात घाल."

"मुलीने पाहुण्यांना भात वाढला."

"आता मुलीच्या जागी मुलगा घाल, चटणी तशीच ठेव."

"मुलाने पाहुण्यांना चटणी वाढली." ती थांबली. "क्रियापद चटणीच्या मागं चाललंय. पोराच्या न्हाई."

"म्हणून कर्मणी. 'मुलगी चटणी वाढते' घे. मुलगा घातलास तर वाढतो होईल, कर्ता बदलला की क्रियापद बदलतं, ते कर्तरी. आणि 'मुलीने पाहुण्यांना बोलावले'?"

"मुलाने पाहुण्यांना बोलावले. मुलाने... पाहुणीला बोलावले." तिनं बोटावर मोजल्यासारखं केलं. "कायबी बदला, बोलावले ते बोलावलेच."

"कुणाचंच ऐकत नाही. ते भावे."

बस. एवढंच होतं. माझा डबा गार व्हायच्या आत तिला समजलं. बावीस वर्षांत ही वाक्यं मी हजारदा शिकवली असतील, पण ट्रिका पाडायला लागल्यापासून एकदाही नाही.

"मग ही चौकट?" तिनं झेरॉक्स पुढं केली.

"ती घाईसाठी असते. शंभरातली नव्वद वाक्यं त्यात बसतात." माझं मलाच ऐकवेना. तरी पुढं बोललो, "तुम्हां लोकांनाच ट्रिक पाहिजे असते."

तिनं वर बघितलं. चिडली असती तर बरं झालं असतं, मला भांडायला तरी जमतं.

"आवं सर, मी कवा मागितली?"

खरंच, तिनं कधी मागितली नव्हती. ट्रिक मागणारी पोरं मागच्या बाकांवर होती, त्यांचा आवाज मोठा म्हणून मी त्यांचंच ऐकत आलो. पुढच्या बाकावरची बाई गप्प बसून जे फळ्यावर येईल ते वहीत उतरवत होती. माझ्यावर तिचा विश्वास होता, आणि विश्वास ठेवणाऱ्यानं तपासून बघायचं नसतं असं आपल्याकडे समजतात. माझी लाज मला वाटली, पण माफी मागितली नाही. शिक्षकाची जीभ त्या वेळी जड होते, हे कारण मी स्वतःला देतो.

"आक्षेप टाकू नकोस," एवढंच म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली, आणि झेरॉक्स घडी करून पिशवीत ठेवली. "चारची गाडी हाय."

यादी लागली. ती एका प्रश्नानं राहिली होती. मी नव्या नोट्सवरची चौकट काढून टाकली, तीन कसोट्या लिहिल्या, वाक्यात कर्ता आणि कर्म बदलून बघा म्हणून. पहिल्याच दिवशी मागून आवाज आला, "सर, हे लय लांबतंय, ट्रिक सांगा की." मी खडू ठेवला. काय सांगू त्याला? ज्या बाईला सांगायचं होतं तिचं वय संपलं होतं.