मोहनमाळेची बारीक पाकळी

आईला घासाघीस जमत नसे आणि ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. घाटकोपरच्या भाजीबाजारात ती पदर खोचून अशी उभी राहायची की भाजीवाल्याची आता धडगत नाही असंच वाटावं. मग चार आण्यांवरून दहा मिनिटं हुज्जत, आणि शेवटी कोथिंबिरीची जुडी फुकट मिळाली की स्वारी खूश. कोथिंबिरीचे पैसे त्याने वांग्यात आधीच लावलेले असत. बाबांना ते दिसायचं, पण ते पिशवी धरून गप्प उभे राहायचे.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमाराला माझं लग्न ठरलं, आणि आईने एकच हट्ट धरला. माझ्या गळ्यात मोहनमाळ हवी, आणि तीही हातानं घडवलेली. तिची स्वतःची तशी होती. कुडाळजवळच्या तिच्या गावच्या सोनाराने तिच्या लग्नात पडवीत बसून घडवलेली. घाटकोपरची जागा घेताना पागडीचे पैसे कमी पडले आणि ती माळ विकावी लागली. विकताना दुकानदाराने फक्त सोनं तोललं. सोनाराने महिनाभर पाकळ्या कोरल्या होत्या, त्याचा एक पैसाही परत आला नाही. आईला पैशांपेक्षा तेच जास्त लागलं होतं.

"एक मणी जरासो वाकडो होतो," ती सांगायची, "तो मी मानेमागे ठेवायचंय. कोणाक दिसाक नये म्हणून."

मला त्या माळेचं तेवढं अप्रूप नव्हतं. मी अंधेरीला एका कंपनीत टायपिस्ट होते. तिथल्या मैत्रिणी मशीनने कापलेल्या चकचकीत बांगड्या घालायच्या आणि मलाही तशाच हव्या होत्या. पण आईपुढे बोलायची सोय नव्हती. शनिवारी अर्ध्या दिवसाने मी सुटले की आम्ही दोघी सराफांची दुकानं पालथी घालायचो. पहिल्या दुकानात मोहनमाळ दाखवली, ती आईने हातातही घेतली नाही. सगळे मणी एकसारखे होते. "छापल्यासारखी दिसता," म्हणाली आणि उठली. तिसऱ्या दुकानात शेठजींनी लाल मखमलीवर एक माळ ठेवली आणि म्हणाले, "ताई, ही हाताची. कारागीर घरी बसून बनवतो." मणी पोकळ, उभ्या पाकळ्यांचे, पन्नास. त्या मखमलीवर ते जुन्यासारखे मंद दिसत होते. आईने माळ गळ्याशी धरली, आरशात पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. संपलंच. डोळे भरलेलं गिऱ्हाईक शेठजींना आयुष्यात किती वेळा भेटलं असेल?

मग तिने घासाघीस केली. ती सोन्याच्या भावावर अडून बसली. शेठजींनी शांतपणे वर्तमानपत्र पुढे केलं. भाव त्यात छापलेला होता, तो त्यांच्याही हातात नव्हता. मग त्यांनी हिशेब मांडला: सोनं पंचवीस ग्रॅम, घडणावळ ग्रॅमला पंचवीस रुपये, शिवाय शेकडा दहा घट. घट म्हणजे काय ते मी विचारलं. हातकामात कानशीने सोनं घासलं जातं, कीस उडतो, आगीत थोडं जातं. ते सगळं गोळा होत नाही, म्हणून तेवढं सोनं गिऱ्हाइकाकडून जास्त धरायचं. पटण्यासारखं होतं. आईने घडणावळीबद्दल अवाक्षर काढलं नाही. हातकामाचे पैसे कमी करायला सांगणं तिला पाप वाटत होतं. मखमली डबी तेवढी फुकट कबूल करून घेतली, शुक्रवारी पैसे घेऊन येतो म्हणून सांगितलं आणि आम्ही घरी आलो.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा साकीनाक्याला एका छोट्या गाळ्यात डाय बनवायचे. डाय म्हणजे पोलादाचा ठसा. तो प्रेसमध्ये बसवायचा, खाली पत्रा ठेवायचा, दांडा फिरवला की पत्र्याला ठशाचा आकार येतो. बाटल्यांची झाकणं, पट्ट्यांची बक्कलं, कुलपांच्या चकत्या, असलंच काम यायचं. बाबांची बोटं कायम काळपट असायची आणि हात धुताना ते साबणात लाकडाचा भुसा मिसळायचे. तो वास मला अजूनही कधीकधी येतो, आणि कुठून आला म्हणून मी वेड्यासारखी मागे वळून बघते.

दोनेक वर्षांपूर्वी त्यांच्याकडे एक वेगळं काम आलं होतं. नक्षीच्या मण्याची अर्धी वाटी. अशा दोन वाट्या जोडल्या की मणी होतो. कुणासाठी ते मालकाने सांगितलं नव्हतं. बाबांनी आठवडाभर डोळ्याला भिंग लावून, छिन्नी आणि कानस घेऊन त्या पोलादात बारा पाकळ्या कोरल्या. अकरा झाल्या. बारावीला छिन्नी केसभर सरकली आणि ती पाकळी बारीक झाली. पोलादात खोदलेलं परत भरता येत नाही. मालक म्हणाला, "कोण बघतंय रे." पोलाद तापवून, पाणी देऊन कडक केलं आणि डाय गेली. त्या दिवशी बाबा जेवताना दोन-तीनदा म्हणाले, "बारावी हुकली गं." आईने त्यांना आमटी वाढली आणि सोडून द्या म्हणाली.

तर त्या शुक्रवारी बाबांच्या गाळ्याला सुट्टी होती आणि मी रजा टाकली होती. आईने भिशीतले आणि पोस्टातले पैसे रुमालात बांधले आणि आम्ही तिघं शेठजींकडे गेलो. आईने माळ बाबांच्या हातात दिली. आम्ही सुरत लुटून आणल्यासारखा तिचा चेहरा होता.

बाबांनी एक मणी बोटात फिरवला. मग दुसरा. मग शेठजींचं भिंग मागून घेतलं आणि तिसरा, चौथा, पाचवा, करत सगळे. आई म्हणाली, "अहो, किती बघताय? आवडली ना?"

बाबांनी माळ मखमलीवर ठेवली. आज मला वाटतं, आयुष्यात त्यांना एवढं अवघड काही गेलं नसेल. गप्प राहिले असते तर आईला तिची हाताची माळ मिळाली असती. फक्त आठेकशे रुपये हकनाक जास्त गेले असते, आणि ते तिने वर्षानुवर्षं भाजीतून वाचवलेले होते.

"शेठजी," ते म्हणाले, "सोन्याच्या भावाबद्दल मी बोलत नाही. पण घडणावळ आणि घट हाताची लावलीय, आणि माल ठशाचा आहे."

शेठजी हसले. "काय बोलता भाऊ, हाताचाच आहे. फिनिशिंग बघा ना."

"हाताची चूक दर मण्याला वेगळी असते. इथे प्रत्येक वाटीत एक पाकळी बारीक आहे. पन्नास मणी, शंभर वाट्या. प्रत्येकीत एकच, तेवढीच बारीक. कुठला कारागीर शंभर वेळा तीच चूक करेल?"

शेठजींनी भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मला व्यापाऱ्याने हाताचाच म्हणून दिला." खरं की खोटं, देव जाणे. मला त्यांचा राग आला होता आणि अजूनही थोडा आहे.

पण बाबांना आला नव्हता. ते बाकावर पुढे सरकून बसले आणि पहिल्यांदाच मी त्यांना घासाघीस करताना पाहिलं. आवाज चढला नाही, की उठून जायचं नाटक नाही. ते म्हणाले, पत्रा प्रेसमध्ये दाबला जातो, उरलेले तुकडे परत वितळवतात, म्हणजे घट फारशी नाहीच. शेकडा तीन धरा. घडणावळ ठशाच्या मालाची धरा. शेठजी म्हणाले, "पण भाऊ, दोन वाट्या डाख लावून जोडणं, मणी ओवणं हे तर हातानेच आहे. तेवढी मजुरी मी तोडू शकत नाही, ती कारागिराची."

"ती तोडू नका," बाबा लगेच म्हणाले. "ती पूर्ण द्या त्याला."

ग्रॅमला दहा रुपयांवर मिटलं, जोडकाम धरून. त्याखाली बाबांनी एक रुपयाही मागितला नाही. वाचलेल्या पैशात आणखी सहा मणी बसत होते. शेठजींनी पन्नासाचे छप्पन करायचं कबूल केलं, आणि पावतीवर वजन, घडणावळ, घट वेगवेगळं लिहून दिलं.

सगळं झालं तेव्हा माझं आईकडे लक्ष गेलं. ती हरल्यासारखी बसली होती. तिच्या मांडीवर रुमाल तसाच बांधलेला.

"म्हणजे हाताची नाही ती," ती म्हणाली.

"मशीनचीच आहे गं."

"छापलेली."

बाबांनी काळपट बोटाने मखमलीवरचा एक मणी तिच्याकडे ढकलला. "ठसा मी कोरलेला आहे," ते म्हणाले. "साकीनाक्याला. ही बारावी पाकळी. तुला सांगितलं होतं ना, हुकली म्हणून."

आईने मणी उचलला. तिला भिंगाशिवाय काही दिसलं नसणार, पण ती नखाने पाकळ्या मोजत गेली. मोजून झाल्यावर म्हणाली, "आठ दिवस बसलात, मग एवढी एक बारीक का ठेवलीत?"

बाबांना हसू आलं. आईलाही आलं. शेठजींना काय चाललंय ते कळेना. मग तिने रुमालाची गाठ सोडली.

लग्नात मी ती माळ घातली. आई ज्याला त्याला सांगत होती, "तिच्या बापसान केलेली आसा." सासरच्यांचा समज झाला की माझे वडील सोनार आहेत. तो मी दूर केला नाही.

बाबा जाऊन आता खूप वर्षं झाली, आईही गेली. तो गाळा राहिला नाही. बाबांच्या हातची एकही वस्तू घरात नाही. झाकणं आणि बक्कलं कोण जपून ठेवतं? फक्त छप्पन मणी आहेत. बाबांची इतकी आठवण येते की दुपारी कपाट उघडून मी ते मोजत बसते, आणि बोट आपोआप बारीक पाकळीवर थांबतं.

हाताची माळ असती तर तशी ती एकच असती. पण ठसा बरीच वर्षं चालला असणार, त्याच्या आणखी माळा कुणाकुणाच्या गळ्यात असणार. म्हणून मला एक खोड लागली आहे. लग्नाच्या हॉलमध्ये, हळदीकुंकवाला, मी बायकांच्या गळ्याकडे टक लावून बघते. माझ्या मुलीला त्याची लाज वाटते.

एकदा मुलुंडला एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी बाईंच्या गळ्यात तशीच माळ दिसली. मी बघू का म्हणून विचारलं. त्यांनी मान पुढे केली. मी एक मणी चिमटीत धरला आणि फिरवला. बारावी बारीक होती.

"मशीनची आहे हो," त्या जरा संकोचून म्हणाल्या. "हाताची नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं. वाढपी समोर येऊन उभा राहिला तरी मला तो मणी सोडवेना.