नकाशाची चिठ्ठी

ऑफिसात सगळे तिला काकू म्हणतात. वय पस्तिशीचं, पण दरडावते अशी की मोठमोठे बाप्येही पुतण्यासारखे सरळ बसतात. कार्डावर प्रोजेक्ट मॅनेजर लिहिलंय. खरं काम म्हणजे गिऱ्हाइकाच्या हावेला लगाम घालायचा आणि आपल्या माणसांवर कुणाला चढू द्यायचं नाही.

त्या दिवशी लॉन्ड्रीवाले शेठ आले होते. त्यांच्या सगळ्या दुकानांत नवं सॉफ्टवेअर बसवायचं होतं. जुनं बंद पडायची तारीख ठरलेली, त्यामुळे ती हलणार नव्हती. काकूनं काचेच्या भिंतीवर चार रकाने आखले: हवंच, हवं, जमलं तर, या खेपेला नाही. शेठनी एकेक मागणी लिहिलेल्या सगळ्या चिठ्ठ्या उचलून पहिल्या रकान्यात थापल्या.

"सगळेच पहिले आले, मग शर्यत कशाला लावली शेठ?"

"पैसे मी देतोय."

"देताय ना. पण तारीख वाढत नाही, माणसंही तेवढीच. एकच सांगा, हे नसेल तर त्या दिवशी शटर उघडायचंच नाही?"

बिल नसेल तर उघडता येणार नाही. कपड्याचा टॅग नसेल तर याचा शर्ट त्याच्या अंगावर. दोन्ही 'हवंच'मध्येच राहिले. 'कपडे तयार आहेत' हा मेसेज 'हवं'मध्ये गेला, तोवर फोन करून भागेल. नेहमीच्या गिऱ्हाइकांना सवलतीचे पॉइंट्स, ते 'जमलं तर'मध्ये.

राहिली ती नकाशाची चिठ्ठी: गिऱ्हाइकानं नकाशावर घर दाखवायचं, दुकानाच्या माणसानं तिथून कपडे न्यायचे.

"ही नाही काढायची," शेठ म्हणाले. "मुलीला शब्द दिलाय."

कोपऱ्यात पेन्सिल बसला होता. अंगानं काडी, म्हणून हे नाव. तो नकाशा त्यानंच बनवायला घेतला होता, निम्मा झालाही होता. गेले काही आठवडे पोरगा दुसरं बोलत नव्हता. त्यानं काकूकडे पाहिलं. काकूचं तोंड कडू झालं.

तिचा नियम साधा होता. 'हवंच'मध्ये वेळेच्या निम्म्याहून थोडंच जास्त काम बसवायचं. बाकीचं सोडता येतं, म्हणूनच तारीख पाळता येते. आणि टॅगची छपाई अजून नीट तपासलेली नव्हती. ती पेन्सिललाच येत होती. दोन्ही होणार नव्हतं.

"नकाशाशिवाय शटर उघडेल?" तिनं विचारलं. शेठकडे बघत, पण ऐकवत होती पेन्सिलला.

"उघडेल हो," शेठ कुरकुरले. "म्हणजे पुढच्या खेपेला नक्की?"

"नक्की काही नाही. तेव्हा परत हेच विचारू."

चिठ्ठी तिनं स्वतः 'या खेपेला नाही'मध्ये हलवली. पेन्सिल उठून बाहेर गेला. काकू मागे गेली नाही. जाऊन काय सांगणार, निर्णय तर तिचाच होता.

दुपारी तो परत आला. चेहरा अजून फुगलेलाच.

"काकू, तुमचा राग आलाय मला."

"येऊ दे की."

"आणि टॅग धुण्यात टिकतो का, बघायला शेठचं एखादं मशीन लागेल."

काकूनं शेठना फोन लावला.