चार वर्षांत चार लाख

माझ्या धाकट्या बहिणीचं परळीत शिलाईचं दुकान आहे. चार वर्षं तिनं पतसंस्थेच्या पिग्मीत रोज दोनशे रुपये भरले, एक दिवस चुकवला नाही. पत्रकावर ठळक छापलं होतं: व्याज आठ टक्के, क्षणाक्षणाला मुद्दलात मिसळणारं, चार वर्षांत चार लाख. तेवढीच भाचीच्या नर्सिंगची फी. प्रवेशाला पंधरा दिवस उरले, ती पैसे काढायला गेली, तर पासबुकात तीन लाख चव्वेचाळीस हजार.

माझं डोकंच फिरलं. छप्पन्न हजार खाल्ले मेल्यांनी! मी कॉलेजात गणित शिकवतो. बहिणीला घेऊन तडक पतसंस्थेत गेलो, काउंटरवर हात आपटला आणि कागद ओढून हिशोब मांडला. शिल्लक वाढते दोन वाटांनी: आहे त्या रकमेवरचं व्याज आणि वर वर्षाला त्र्याहत्तर हजारांची भर. समीकरण सोडवलं. चार वर्षांनंतरची शिल्लक आली तीन लाख चव्वेचाळीस हजार. म्हणजे पासबुक बरोबर होतं. उलट बाजूनं, चार लाखांना किती काळ लागेल ते काढलं: साडेचार वर्षांच्या थोडं वर. अजून साडेसहा महिने.

मग पत्रकातला आकडा कुठल्या गाढवानं काढला, असं मी ओरडलो. पिग्मी एजंट पुढे आला. माझाच जुना विद्यार्थी. पत्रकाचा हिशोब त्यानंच करून दिला होता. मी त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. त्यानं मोबाइलवर गणित करून दाखवलं. चार वर्षांची भर दोन लाख ब्याण्णव हजार, तिच्यावर चार वर्षांचं व्याज, झाले चार लाख दोन हजार. सगळी रक्कम जणू पहिल्याच दिवशी भरली होती. शेवटच्या दिवशीच्या दोनशे रुपयांनाही चार वर्षांचं व्याज!

"अरे, रोज भरायच्या पैशाला हे सूत्र कसं लावलंस?" मी विचारलं.

"सर, तुमी येवढंच शिकवलं. रोजच्या भरणीचं गणित आलं तवा म्हणला, परीक्षेला येत न्हाई, सोडा."

म्हणालो होतो. दरवर्षी म्हणतो. वर्गाचे दोन तास वाचतात.

त्याच्यावरचा राग जिरेना आणि स्वतःवरचा आवरेना. हिशोबाचा कागद चुरगाळून खिशात घातला. बहीण दाराजवळच्या बाकावर बसली होती, काउंटरवरच्या गोंगाटात तिला त्याचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "दादा, चूक कुनाची हाय?"

"एजंटाची," मी म्हणालो.

घरापर्यंत ती त्या पोराला शिव्या घालत होती. मी तिला थांबवलं नाही.