काल रात्री इथं कोण झोपलं होतं?

आराखडा घेऊन मी लातूरला निघाले ती शाबासकी घ्यायलाच. नांदेडच्या आमच्या लहानशा आरोग्य संस्थेनं नांदेड-लातूर दोन्ही जिल्ह्यांतल्या गावांत गरोदर बायांचं रक्त तपासायचं ठरवलं होतं. कुठल्या भागात रक्त फारच कमी भरतंय ते कळलं की तिथं दर महिन्याला डॉक्टरीणबाई पाठवायच्या, असा बेत होता. किती बाया घ्यायच्या, कोणत्या गावांतून, कशा निवडायच्या, हे सगळं मी लिहिलं होतं. तो आराखडा तपासायला गेला होता संख्याशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापिकेकडे. त्यांना सगळे तोंडावर मॅडम म्हणत. पाठीमागं काय म्हणत ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मॅडम एकट्या राहत. त्यांनी आधी चहा दिला. नंतर तो घशाखाली उतरणार नाही, हे त्यांना माहीत असावं.

"शितावरून भाताची परीक्षा करायला निघालीस, चांगलंय," त्या म्हणाल्या. "पण भांडं एक असेल तर. तुझी भांडी तीस आहेत."

गावं तीस होती. एका गावातल्या बाया एकच पाणी पितात, एकाच दुकानाचं रेशन खातात, एकाच नर्सबाईकडे जातात. म्हणून एका गावातून वीस बाया घेतल्या, तरी वीस वेगवेगळ्या ठिकाणच्या बायांइतकं त्यातून कळत नाही. मी हिशोब मात्र असा मांडला होता, जणू साऱ्या मुलखातून चिठ्ठ्या टाकून एकेक बाई उचललीय. आता संख्या जवळजवळ दुप्पट करा, त्यातही गावं वाढवा आणि एका गावातल्या बाया कमी घ्या, असं मॅडमचं म्हणणं पडलं. माझ्या डोळ्यांपुढं आमची एकुलती जीप आली.

मग त्यांचं बोट पुढच्या ओळीवर. घराला कुलूप असल्यास शेजारचं घर घ्यावं, असं मी लिहिलं होतं.

"दुपारी कुलूप कोणाच्या घराला असतं?"

"कामावर गेलेल्यांच्या."

"म्हणजे रोजानं जाणारी गाळायची आणि घरी बसलेली घ्यायची. वा!"

शेजारचं घर नाही, त्याच घरी पुन्हा जायचं, सकाळी नाहीतर दिवे लागताना. ओळीवर काट बसली. मला राग फार लवकर येतो, आणि आला की मी उदार होते. म्हटलं, "मग असं करते मॅडम, आणखी पाचशे बाया वाढवते."

"चुकीच्या ठिकाणी पाचशे वाढवल्यास तर चूकच जास्त खात्रीनं सांगशील," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला. धाकटी बहीण होती.

"अक्का, येताना भाजकी माती आन ना. लई मन होऊन राहिलं खायाला."

फोन ठेवला तर मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी सांगितलं, धाकटी बहीण आहे, औशाला दिलेली. सातवा लागला तशी आमच्या गावी आलीय, लोह्याजवळ. पहिलं बाळंतपण माहेरी.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "ती तुझ्या आराखड्यात कुठंय?"

मी मनातल्या मनात शोधायला लागले. गावात कायम राहणाऱ्या गरोदर बायांची यादी आशाताईंकडून घ्यायची आणि तीतून बाया निवडायच्या, अशी माझी रीत. औशाकडच्या यादीत हिचं नाव असणार, पण आमचा माणूस गेला की ती घरी नाही. लोह्याकडं ती घरी आहे, पण तिथं ती पाहुणी, यादीत नावच नाही. दोन घरं असलेली बाई माझ्या आराखड्यात एकाही घरात सापडत नव्हती.

"आणि अशी ती एकटी नव्हे," मॅडम म्हणाल्या. आवाज आता पुष्कळ मऊ होता. "पहिलटकरणी सगळ्या, वयानं लहान, दिवस भरत आलेल्या. ज्यांची काळजी जास्त, त्याच गळतील. मग तुझा सर्व्हे सांगेल, सगळं ठीक आहे, डॉक्टरीणबाई नकोत."

त्यांनी उपाय सांगितला तो इतका साधा होता की मला माझाच राग आला. यादी बाजूला ठेवायची. गावाचा जो भाग चिठ्ठीत येईल, मग तो तांडा असो की वस्ती, तिथल्या प्रत्येक दारात जायचं आणि एकच विचारायचं, काल रात्री इथं कोण झोपलं होतं? माणूस एका रात्री एकाच ठिकाणी झोपतं. त्यामुळं कोणी सुटत नाही आणि कोणी दोनदा मोजलं जात नाही.

भाजकी माती मी नेली नाही. तेवढं शहाणपण मला होतं, त्यापुढचं नव्हतं.

नव्या प्रश्नाचा सराव करून पाहायला आम्ही माझंच गाव धरलं. ते चिठ्ठीत आलेलं नव्हतं, त्यामुळं खऱ्या मोजणीत त्याची लुडबूड होणार नव्हती. माझी सहकारीण आमच्याच दारात उभी राहिली. माय म्हणाली, "आम्ही नवरा-बायको, दोघंच हाव."

"आणि काल रात्री इथं कोण झोपलं होतं?"

"ही पोरगी. पण ती पाव्हणी हाय."

"मला नका धरू ताई," बहीण आतून म्हणाली. "माझं नाव औशाला हाय."

"रात्री इथं झोपलात ना? मग इथंच धरायचं. तुमची हरकत नसेल तर बोटातून थेंबभर रक्त घेते."

बहिणीनं हसत बोट पुढं केलं. माझ्या सहकारिणीनं यंत्रावरचा आकडा पुन्हा वाचला. तिनं दुसऱ्या बोटातून पुन्हा थेंब घेतला. हिमोग्लोबिन सातच्या खाली होतं, अकरा तरी हवं तिथं.

"गरवारपनात दम लागतोच की," माय म्हणाली, पण तिचा आवाज बसला होता. मी दर शनिवारी घरी यायची. बहिणीला माती खावीशी वाटत होती ती रक्त कमी म्हणून, चेहराही पांढरा पडत चालला होता आणि आम्ही सगळे म्हणत होतो, माहेरी आल्यावर पोरगी कशी उजळली बघा.

त्याच दिवशी तिला नांदेडला नेलं, रक्त चढवलं, पुढं औषधं चालू राहिली. दिवस भरल्यावर तिथंच मुलगी झाली. दोघी धडधाकट. दवाखान्याच्या जिन्यात बसून मी मनसोक्त रडले आणि मग लातूरला फोन लावला.

"एका बाईवरून काही सिद्ध होत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण फार बरं झालं गं."

सर्व्हेही नीट पार पडला. माहेरी आलेल्या पुष्कळ मुली त्या एका प्रश्नानं सापडल्या, देगलूरकडच्या खेड्यांत तर जास्तच. डॉक्टरीणबाई तिकडे आता दर महिन्याला जातात.

बहिणीला बाळासकट औशाला पोचवायला मीच गेले. वाटेत लातूरला मॅडमच्या पाया पडून पुढची गाडी धरायची असं ठरलं होतं. मॅडमनी गाडी धरू दिली नाही. "लेकुरवाळीला संध्याकाळची बाहेर काढतात का?" म्हणाल्या, आणि कपाटातून नवी गादी काढली. कोण येणार म्हणून ती घेऊन ठेवली होती, कोण जाणे.

सकाळी निघताना त्यांनी खणानारळानं बहिणीची ओटी भरली. बाळाला कडेवर घेऊन फाटकापर्यंत आल्या. ते परत देताना त्यांचे हात जरा रेंगाळले.

"आज कोणी विचारायला यायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "चारजणं सांगितली असती."