सत्तर हजारांची साडी

सुहास तारे यांना कापडाची जाण होती, हे उज्जैनच्या फ्रीगंजात शत्रूही कबूल करत. डोळे मिटून पदरावर बोट फिरवायचे आणि जरीची तार खरी की खोटी ते सांगायचे. एकतीस वर्षं गल्लीतलं एकच दुकान, नफा बेताचा, भाव एकच. "तारे काकांकडे घासाघीस नाही," असं बायका म्हणायच्या, तेव्हा काकांची छाती फुगायची.

त्या छातीत गेलं वर्षभर एक काटा सलत होता. त्याचं नाव यशोधन.

यशोधन आठ वर्षं त्यांच्याच गादीवर बसून साड्या उलगडायला शिकला होता. मग त्याने टावर चौकात साड्यांचं काचबंद दुकान थाटलं. तिथे महेश्वरची एक साडी होती, जांभळी, दोन्ही बाजूंनी नेसता येईल अशा काठाची. किंमत पंचेचाळीस हजार! त्याच विणकराची, तीच साडी काकांकडे चौदा हजारांना घडीत पडून होती. बारा आणल्या होत्या, विकली एक. यशोधनने मोजून सहा आणल्या आणि सहाही एका आठवड्यात संपल्या. काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. मी शिकवलेला पोरगा माझ्याहून शहाणा?

शेवटी त्यांनी साडी दुकानाच्या दर्शनी भागात टांगली आणि पाटी लावली: टावर चौकात ४५,०००, इथे १४,०००.

बघायला गर्दी लोटली. घ्यायला कोणी नाही. जुन्या गिऱ्हाईक मधुराताई, डॉक्टरांच्या पत्नी, पदर हातात घेऊन म्हणाल्या, "साडी तर तीच आहे काका, मला पण दिसतंय. पण आता साऱ्या फ्रीगंजला माहिती झालं ना! ही नेसून लग्नात गेले तर लोक म्हणतील, आली चौदावाली."

"अहो, पण एकतीस हजार वाचतात!"

"वाचलेले कोणाला दिसतात, काका?" त्या हसून निघून गेल्या.

यशोधनकडेही जांभळी साडी कोणी मागेना. काकांना त्याचंच तेवढं समाधान होतं. पण ते चार दिवसही टिकलं नाही. यशोधन स्वतः पेढे घेऊन आला आणि वाकून पाया पडला.

"काका, नाराज नका होऊ. सुरुवातीला मी पण ती सोळालाच लावली होती. दोन गेल्या फक्त. मग म्हटलं, चला, पंचेचाळीस करून बघू, आणि सगळ्या गेल्या! मी पण हैराण झालो. महाग आहे म्हणूनच घेतात, आणि महाग आहे हे चारचौघींना माहिती पाहिजे, बस. आता ती बंद केली. नवी मोरपंखी आणली आहे, सत्तर हजार."

काकांनी पेढा खाल्ला नाही. तो निघून गेल्यावर त्यांनी थेट महेश्वरला फोन लावला आणि विणकराकडून ती मोरपंखी साडी मागवली. बारा हजारांना पडली.

बेत पक्का होता. संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा त्यांच्याकडे होतं. उज्जैनच्या मराठी बायकांत एक रीत आहे: वाण हातात पडायच्या आधी साडीची किंमत विचारली जाते. बायकोने, म्हणजे अलकाकाकूंनी, मोरपंखी नेसायची आणि विचारलं की सांगायचं, आमच्याच दुकानातली, पंधरा हजार. सत्तर हजारांचा फुगा तिथल्या तिथे फुटणार होता. "बस, एवढं एकच वाक्य," काका म्हणाले. काकूंनी साडी अंगाला लावून आरशात पाहिलं. "बरं," म्हणाल्या.

हळदीकुंकवाच्या दिवशी काका स्वयंपाकघरात तिळगुळाचं ताट धरून पडद्यामागे उभे राहिले. मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. यशोधनचं तोंड कसं होईल!

मधुराताई आल्या आणि थबकल्या. "अगं बाई! ही ती मोरपंखी? कितीला घेतली, काकू?"

अलकाकाकूंनी पदर खांद्यावर सारखा केला. एकतीस वर्षं त्या काकांच्या दुकानातल्या उरलेल्या साड्या नेसत आल्या होत्या आणि कधी कोणी त्यांना काही विचारलं नव्हतं.

"यशोधनकडची," त्या म्हणाल्या. "सत्तर हजारांची."

"पण त्याच्याकडे तर सहाच आल्या होत्या! मला नाही मिळाली!"

"मी आधीच सांगून ठेवली होती ना."

बायकांचा घोळका काकूंभोवती जमला. कोणी काठ पाहिला, कोणी पदर चोळला. मधुराताईंचा चेहरा उतरला होता, आणि अलकाकाकूंचा असा फुलला होता, जसा काकांनी तो लग्नानंतर पाहिला नव्हता.

एक पाऊल टाकून पडदा बाजूला केला असता तर काम झालं असतं. काकांनी ताट ओट्यावर ठेवलं आणि स्टुलावर बसले. बायको त्यांची, साडी त्यांची, आणि नाव त्या पोराचं.

बाहेरून काकूंचा आवाज आला, "अहो, तिळगुळ आणता ना?"

काकांनी ताट उचललं आणि मान खाली घालून बाहेर गेले. मधुराताई त्यांच्याकडे पाहून म्हणाल्या, "काय काका, शेवटी तुम्ही पण यशोधनकडेच गेलात?"

"हो," काका म्हणाले. "त्याच्याकडे माल चांगला असतो."