बोर्डवरच्या मावशी

मावशींना जाऊन नऊ दिवस झाले. अजून सकाळी नऊ वाजता माझी नजर यादीच्या वरच्या ओळीकडे जाते.

मी त्यांची भाची नव्हे. इस्पितळात सगळेच त्यांना मावशी म्हणत. पूर्ण नाव 'बोर्डवरच्या मावशी'. टेलिफोनच्या बोर्डवर त्यांनी एकतीस वर्षं काढली. फोन घ्यायचा, "बोला" म्हणायचं, हव्या त्या विभागाला जोडून द्यायचं. पुढे बोर्ड निघाला. बोर्डच्या खोलीत दोन संगणक आले आणि मोबाईलवर संदेश पाठवायचा एक नंबर सुरू झाला. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, म्हणून मावशींना तिथेच बसवलं. दुसऱ्या संगणकावर मी. साहित्यात एम. ए. केलेली, नोकरी नसलेली, उत्तरं लिहायला घेतलेली.

"म्हणजे यंत्र बोलणार आणि शब्द तुझे?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं.

"हो."

"मग जपून लिही, साहित्यसम्राज्ञी. यंत्राला लाज नसते. खाली मान तुला घालावी लागेल."

मी हसले होते.

ती सेवा फक्त डायलिसिसच्या पेशंटांसाठी होती. वेळ बदलायची असेल, अहवाल हवा असेल, गाडी हवी असेल तर लिहायचं. यंत्र लिहिलेलं वाचायचं, त्यातले शब्द ओळखायचं आणि उत्तर द्यायचं. जमलं नाही तर संदेश आमच्याकडे ढकलायचं. लिहिलेलं सोडून दुसरं काही आलं तर त्याला काहीच कळत नसे. आमच्या यादीत नंबर दिसे आणि पुढे एक शब्द, 'ऑडिओ' किंवा 'स्टिकर'. आत काय आहे ते आम्हालाही उघडता येत नसे. अशा वेळी जायला एक ठरलेलं उत्तर मी लिहिलं होतं. दोन दिवस घासूनपुसून.

"आपला संदेश मिळाला. मनःपूर्वक धन्यवाद. आपल्या सेवेत आम्ही सदैव तत्पर आहोत."

'मनःपूर्वक'वर मी खूश होते.

एका बुधवारी सकाळी खिडकीपाशी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या. हातात मोबाईल, चेहरा पांढराफटक. त्यांच्या यजमानांचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार असे. सोमवारी ताप होता म्हणून आणता आलं नाही. मंगळवारची वेळ द्या, असं त्यांनी नंबरवर कळवलं होतं. आम्ही फोन करू म्हणून मंगळवारभर दोघं घरी बसून राहिले. बुधवारी पहाटे यजमानांना श्वास घेता येईना. छातीत पाणी झालं होतं. आता ते आयसीयूत होते.

"तुम्ही म्हणालात ना मिळाला म्हणून," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "शेजारणीनं वाचून दाखवलं मला. मिळाला, तत्पर आहोत. मग म्हटलं, येईलच फोन."

मावशींनी त्यांचा मोबाईल हातात घेतला आणि त्यांचा संदेश वाजवला. चाळीस सेकंदांचा. बाई सावकाश, अदबीनं बोलल्या होत्या. नाव, वार, ताप किती, पाय सुजलेत. शेवटी, "एवढं बघा हं, ताई." मागे यजमानांचा खोकला ऐकू येत होता. त्याच्या खाली माझं उत्तर.

मावशींनी आमची यादी उघडली. सोमवार, आठ वाजून सहा मिनिटं. 'ऑडिओ'.

बाईंना खुर्चीत बसवून, पाणी देऊन, त्या माझ्याकडे वळल्या.

"तू मिळाला म्हणालीस. काय मिळालं तुला?"

मी यादीतल्या त्या शब्दाकडे पाहत राहिले.

"बोर्डवर माझा एकच नियम होता. ऐकू आलं नाही तर 'हो' म्हणायचं नाही. लाइन खराब असली तर सांगायचं, लाइन खराब आहे. माणूस चिडतो, शिव्या देतो, पण दुसरा रस्ता धरतो. 'हो' ऐकलं की तो तिथेच बसतो."

त्या दिवसापासून मावशी एका कामाला लागल्या. यादीत जिथे नुसतं 'ऑडिओ' किंवा 'स्टिकर' असे, त्या प्रत्येक नंबरला त्या स्वतः फोन करीत. "बोला. तुम्ही काही पाठवलंय, आम्हाला ते कळत नाही, म्हणून विचारते." दिवसाला तीसेक फोन. बरेचसे नुसते नमस्कार निघत. काहींमागे मात्र खरी अडचण असे.

पण उत्तर बदलायला साहेबांची सही हवी होती. साहेब प्रशासनाचे. वाईट माणूस नव्हे, पण इस्पितळाच्या नावाला फार जपणारे.

"'ऐकू येत नाही' असं लिहायचं?" ते म्हणाले. "एवढं मोठं इस्पितळ आणि बहिरं? लोक काय म्हणतील?"

"साहेब," मावशी म्हणाल्या, "बहिऱ्यानं बहिरा आहे म्हणावं. उगाच मान डोलावू नये."

"पुढच्या वर्षी आवाज समजणारी सोय घेतोय आपण. तोवर थांबू."

"पुढच्या वर्षापर्यंत पेशंटनी श्वास धरून बसायचं का?"

साहेबांनी कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "बरं, आवाजाचं ठीक. पण स्टिकरला कशाला उत्तर? हात जोडलेले असतात नुसते."

"हात जोडलेत की हात टेकलेत, आपल्याला कुठे दिसतंय?"

सही झाली.

मग आम्ही लिहायला बसलो. मी लिहिलं, "क्षमस्व, तांत्रिक मर्यादेमुळे ध्वनिसंदेशाचे आकलन होऊ शकत नाही." मावशींनी ते मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी खोडलं.

"त्या बाईंना लिहिता येत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर त्या बोलल्या. त्यांना तू 'लिहून पाठवा' सांगणार. भुकेल्याला जेवून ये म्हणण्यासारखं आहे हे."

"मग?"

"फोन लावता येतो की नाही त्यांना? म्हणजे आकडे ओळखतात. आकडा दे. एकच. आणि तो सगळ्यात वर दे, वाचून दाखवायला कोणी नसलं तरी दिसेल असा."

उत्तर झालं ते असं:

"1
तुमचा आवाज आम्हाला इथे ऐकू येत नाही. इथे फक्त लिहिलेलं वाचता येतं. काय हवं ते दोन शब्दांत लिहा. लिहिता येत नसेल तर नुसता 1 पाठवा, सकाळी आठ ते रात्री आठ आम्ही फोन करू. त्रास वाढला असेल तर वाट पाहू नका, लगेच या."

स्टिकरसाठी वेगळं, छोटं. "तुम्ही पाठवलेलं चित्र आम्हाला दिसत नाही. काही हवं असेल तर लिहा, नाहीतर नुसता 1 पाठवा." मावशी म्हणाल्या, ज्यानं खरंच नमस्कार केला असेल त्याला भाषण नको.

तपासायला त्यांनी स्वतःच्या मोबाईलवरून '१' पाठवला. मराठीतला. यंत्राला समजलाच नाही, त्याला मी फक्त इंग्रजी आकडा शिकवला होता.

"एम. ए. मराठी ना गं तू?" मावशी म्हणाल्या.

दोन्ही एक चालू केले.

बाईंचे यजमान वाचले. महिन्याभरानं चाकाच्या खुर्चीतून खिडकीपाशी आले आणि मावशींना म्हणाले, "आमच्या हिची आता चांगलीच सोय झालीय. एक दाबते आणि तुमचा फोन आला की तासभर बोलते." बाईंनी त्यांच्या दंडाला चिमटा काढला. मी मात्र त्यांच्याकडे नीट बघू शकले नाही.

निवृत्त झाल्यावर मावशींनी एक सवय ठेवली. रोज सकाळी नऊ वाजता त्या आमच्या नंबरवर एक स्टिकर पाठवीत. फक्त एवढंच बघायला, की यंत्र अजून खरं बोलतंय ना. यादीत त्यांचा नंबर उमटे, पुढे 'स्टिकर'. उत्तर जाई. मी मनात म्हणे, आल्या मावशी. जेवणाच्या सुट्टीत कधी फोन करून विचारी, आज काय होतं चित्रात? "मांजर," त्या म्हणत. "तुला दिसत नाही म्हणून काहीही पाठवते."

त्या एकट्या राहत. मुलगी दूर, दुसऱ्या गावी.

बारा दिवसांपूर्वी, सोमवारी, नऊ वाजता स्टिकर आला नाही. नऊ वीसला आला. मग दुसरा. मग तिसरा. मी चहा पीत होते. शेजारच्या सहकारिणीला म्हटलं, "मावशींना आज खेळ सुचलाय." तीन वेळा यंत्रानं उत्तर दिलं. मग नऊ एकतीसला यादीत आकडा आला.

1.

आकडा तपासायचा असला की त्या नेहमी मराठी एक पाठवीत. मला टोचायला. हा इंग्रजी होता. कळफलकावर पटकन सापडणारा.

हे मला आता कळतं. तेव्हा मी आधी चहा संपवला. मग फोन लावला. नऊ अडतीस. पलीकडून फोन उचलला गेला.

"बोला मावशी," मी म्हटलं.

शब्द आला नाही. घशातून एक आवाज आला, लांब, वाकडा. मग पुन्हा तसाच. एकतीस वर्षं ज्या आवाजानं सगळ्यांना जोडून दिलं, तो मला ओळखता आला नाही.

मी म्हटलं, "मला शब्द कळत नाहीत. पण तुम्ही आहात हे कळलं. फोन ठेवू नका. गाडी पाठवते." हे वाक्य मी आधी कधी लिहिलं नव्हतं.

मेंदूत रक्ताची गाठ होती. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. डाव्या अंगठ्यानं त्यांनी ते तीन स्टिकर आणि एक आकडा पाठवला होता. डॉक्टर म्हणाले, सात मिनिटांनी फारसा फरक पडला नसता. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले की खरंच, हे मी विचारलं नाही. चौथ्या दिवशी मावशी गेल्या. तोवर माझा हात त्यांच्या डाव्या हातात होता. एकदा त्यांनी तो दोनदा दाबला. अर्थ काय, मला माहीत नाही. मी 'हो' म्हटलं नाही. "कळलं नाही, मावशी," म्हटलं. त्यांनी डोळे मिटले आणि हात तसाच धरून ठेवला.

आज सकाळी नऊ वाजता मी माझ्या मोबाईलवरून एक स्टिकर पाठवला. मांजर. उत्तर आलं, "तुम्ही पाठवलेलं चित्र आम्हाला दिसत नाही."

ठीक चाललंय.

त्याच्या खाली लगेच दुसरा नंबर आला. 'ऑडिओ'. मग 1. चहा समोर होता. तो तसाच ठेवून मी फोन लावला. त्याच बाई होत्या. यजमानांची सोमवारची वेळ बदलून हवी होती.

"त्या येत नाहीत का आता?" त्यांनी विचारलं. "पूर्वी फोन करायच्या त्या?"

"नाहीत," मी म्हटलं. "गेल्या त्या."

मी लाइन धरून ठेवली.

मग म्हटलं, "बोला."