राउटरचं झालरीचं कव्हर

भागवतमामांनी राउटरचं बटण बंद केलं ते अगदी चांगल्या हेतूनं. दर दोन-चार तासांनी ते यंत्र मान टाकतं, तर जरा आधीच त्याला विश्रांती द्यावी, असं त्यांच्या मनात आलं. पण त्याच वेळी आतल्या खोलीत त्यांची सून धनश्री पुण्याच्या साहेबांना महिन्याचे आकडे समजावून सांगत होती.

"मामा! ह्या वेळी तर तुम्हीच घालवलंत!" आतून आवाज आला.

साहेबांनी निर्वाणीचं सांगितलं होतं. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये नेट गेलं, तर सोमवारपासून पुण्याच्या ऑफिसात यायचं. नवऱ्याची, ओंकारची, नोकरी सुप्याच्या एमआयडीसीत. म्हणजे तो इथं भिंगारला, ही पुण्यात खोली करून, आणि दिवसभर घरात मागं उरणार हे दोघं म्हातारे, एकमेकांच्या चुका काढत.

मामांच्या बायकोनं, छबूबाईंनी, त्या दिवशी वरणात मीठ दोनदा घातलं. त्यांची माया बोलण्यातून नव्हे, शिलाई मशीनमधून बाहेर पडायची. घरात आलेली कुठलीही वस्तू त्यांना उघडी बघवत नसे. मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, गॅसच्या टाकीला तर फुलाफुलांचा फ्रॉक. स्कूटरच्या सीटचं कव्हर बघून गल्लीतल्या एकीनं विचारलं होतं, "मावशी, भागवतकाकांना कधी शिवताय?" तेव्हा छबूबाईंनी नवऱ्याकडं माप घेतल्यासारखं पाहिलं होतं.

नेटवाल्यांकडून सुरेखा आली. खांद्याला बॅग, हातात मोबाईल. घरी कोणी येणार म्हटलं की सगळी कव्हरं उतरवून वस्तू पुसून ठेवायच्या, हा छबूबाईंचा रिवाज. पाहुण्यांना वस्तू दिसायला नको का! सुरेखानं मोबाईलवर आजूबाजूची वायफाय दाखवली. "काका, गल्लीतले निम्मे राउटर एकाच चॅनलवर बसलेत. गर्दीनं नेट अडखळतंय." तिनं मोकळा चॅनल लावला, चहा घेतला आणि गेली. संध्याकाळी नेट गेलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. म्हणाली, "आता फर्मवेअर बघू. राउटरच्या पोटातलं सॉफ्टवेअर हो. जुनं झालंय. पण नवं चढत असताना बटणाला कोणी हात लावायचा नाही, नाहीतर राउटर कायमचा झोपेल." हे बोलताना तिनं मामांकडं पाहिलं नाही, पण बाकी सगळ्यांनी पाहिलं. मामा बटणापाशी पाठ लावून उभे राहिले, खंडोबाच्या दारातल्या पहारेकऱ्यासारखे. फर्मवेअर सुखरूप चढलं. सुरेखा गेली. नेटही गेलं.

गुरुवारी दुपारी मामा राउटरसमोर खुर्ची टाकूनच बसले. पापणी लवू द्यायची नाही, असं ठरवून. बराच वेळ हिरवे दिवे लुकलुकत राहिले. मग एकदम सगळे विझले आणि थोड्या वेळानं आपले आपणच पेटू लागले. पंखा मात्र फिरतच होता.

मामांनी सुरेखाला फोन लावला. "लाईट गेली न्हाई पोरी, हेच्यातलेच दिवे गेले!"

"सगळे? मग ही चॅनलची गर्दी नाही, काका. गर्दीनं राउटर बंद नाही पडत. मशीनच बंद पडून चालू होतंय. एक तर अॅडॅप्टर, नाहीतर गरमी. हात लावून बघा बरं."

मामांनी झालर वर करून हात आत घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. "अगं, झालरीखाली तवा झालाय!"

"झालर कसली?"

"कव्हरची."

"कव्हर? काका, मी दोनदा आले, मला तर कुठं दिसलं नाही!"

कसं दिसणार? जांभळ्या मखमलीचं, आतून अस्तर लावलेलं, अँटेनांना काजं केलेलं आणि दिव्यांपुरती खिडकी ठेवलेलं ते कव्हर सुरेखा यायच्या आधी उतरायचं आणि ती जिना उतरली की चढायचं. राउटरला हवा घ्यायला जी बारीक छिद्रं असतात, ती नेमकी अस्तराखाली. मखमल होती ओंकारच्या लग्नातली.

छबूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. पुढं आल्या, कव्हर अलगद काढलं, घडी घातली आणि कपाटात ठेवून दिलं. राउटर भिंतीवरच्या उघड्या फळीवर गेला. शुक्रवारी सकाळपासून नेट गेलं नाही. दुपारी साहेबांची मीटिंग सुरू झाली, निम्मी झाली, तरी धनश्रीचा आवाज अखंड येत होता.

बाहेरच्या खोलीत छबूबाई दाराशी कान लावून बसल्या होत्या. मामांना भरून आलं. जवळ सरकून ते म्हणाले, "एवढ्या हौसेनं शिवलं हुतंस. लई वाईट वाटलं असंल नाही गं तुला?"

"हळू बोला, पोरीची मीटिंग चाललीय."